धागा: हप्ते चार वर्षे जमा, महसूल मात्र ताब्याच्या दिवशी. नोंदी नेमक्या कशा करायच्या?

रोजकीर्द
नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या एका गृहप्रकल्पाचे हिशेब सध्या माझ्याकडे आहेत. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. एकच इमारत, ४० फ्लॅट, सगळ्यांचे कार्पेट क्षेत्र सारखे. प्रत्येकाची किंमत ८० लाख, त्यावर जीएसटी वेगळा. प्रकल्पाचा एकूण खर्च २४ कोटी धरलाय: जमीन ८, बांधकाम १३, मंजुऱ्यांचे प्रीमियम आणि कर्जाचे व्याज मिळून ३.

करारनामे २०२१-२२ पासून होत आले. १८ फेब्रुवारी २०२५ ला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, हातात आली आणि २२ फेब्रुवारीला सगळ्यांना ताब्याची पत्रे गेली. ३१ मार्च २०२५ ची स्थिती अशी: ३० फ्लॅटचे करारनामे झालेले. त्यातले २२ जण ताबा पावतीवर सही करून चावी घेऊन गेले. पाच जणांचा शेवटचा ५ टक्के हप्ता बाकी आहे, त्यामुळे त्यांना चावी दिलेली नाही. तिघांनी पूर्ण पैसे भरलेत, पण अजून चावी न्यायला आलेले नाहीत. १० फ्लॅट विकायचे आहेत.

संचालकांचे म्हणणे आहे की आजवरचे सगळे हप्ते ॲडव्हान्समध्येच राहू द्या आणि महसूल फक्त ताबा दिलेल्या फ्लॅटचा घ्या. माझे प्रश्न तीन. हे करता येते का? येत असेल तर २२ फ्लॅटचा महसूल घ्यायचा की २५ चा? आणि २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या टीडीएसच्या विवरणात, चार वर्षे टीडीएस दिसतोय, पण पुस्तकात विक्री शून्य आहे, त्याचे काय करायचे?

पंचवीसटक्के
हे करता येणार नाही. बिल्डरने टक्केवारी पद्धतच वापरायची असते. आयसीएआयच्या २०१२ च्या मार्गदर्शक टिपणात स्पष्ट लिहिलंय: महत्त्वाच्या मंजुऱ्या हातात आल्या, बांधकामाचा २५ टक्के खर्च झाला, विक्रीयोग्य क्षेत्रापैकी २५ टक्क्यांचे करार झाले आणि त्या करारांचे किमान १० टक्के पैसे आले, की कामाच्या प्रमाणात महसूल दाखवायला सुरुवात करायची. तुमच्याकडे हे सगळे २०२२-२३ मध्येच पूर्ण झाले असणार. चार वर्षांचा नफा एकाच वर्षी काढलात तर ऑडिटर शेरा मारेल.

ताळेबंद_ताई
पंचवीसटक्के, तुम्ही सांगितलेल्या चारही अटी बरोबर आहेत. त्यातल्या खर्चाच्या २५ टक्क्यांत जमीन आणि विकासहक्काची रक्कम धरायची नसते, एवढे फक्त जोडते, कारण तिथे हमखास चूक होते. जमिनीचे ८ कोटी धरले तर पाया खणण्याआधीच अट पूर्ण झाल्यासारखी दिसते.

पण ते टिपण जुन्या लेखा मानकांवर चालणाऱ्यांसाठी आहे. रोजकीर्द, तुमच्या कंपनीत लिस्टेड कंपनीचा किती वाटा आहे? सगळे उत्तर त्यावर ठरेल.

रोजकीर्द
५१ टक्के, ताई. अगदी सुरुवातीपासून. मूळ पोस्टमध्ये लिहायचे राहिले.

ताळेबंद_ताई
मग तुमची कंपनी त्यांची उपकंपनी झाली. लिस्टेड कंपनीला इंड एएस, म्हणजे नवी लेखा मानके, लागू असतात, म्हणून तिच्या उपकंपनीलाही लागू होतात. तुमची नेटवर्थ २५० कोटींच्या कितीही खाली असली तरी फरक पडत नाही. त्यामुळे महसूल इंड एएस ११५ प्रमाणे घ्यायचा आणि तिथे २५ टक्क्यांच्या त्या पायऱ्या नाहीत.

तिथे प्रश्न वेगळा विचारला जातो. बांधकाम चालू असतानाच फ्लॅटवरचे नियंत्रण थोडे थोडे करून ग्राहकाकडे जाते का? मानकाच्या परिच्छेद ३५ मध्ये तीन कसोट्या आहेत, त्यातली फ्लॅटला लागू होण्यासारखी तिसरी. तिचे दोन भाग आहेत. पहिला, तो फ्लॅट बिल्डरला दुसऱ्या कुणाकडे वळवता येऊ नये. करारनामा नोंदवला की विशिष्ट क्रमांकाचा फ्लॅट त्या ग्राहकाला बांधला जातो, त्यामुळे हा भाग सहसा पूर्ण होतो. दुसरा, ग्राहक मध्येच बाहेर पडला तर त्या दिवसापर्यंत झालेल्या कामाचा मोबदला, म्हणजे खर्च अधिक वाजवी नफा, वसूल करण्याचा हक्क बिल्डरला हवा. अडते ते इथे.

महाराष्ट्राच्या रेरा नियमांमधला नमुना करारनामा काढून बघा. ग्राहकाने तीन हप्ते चुकवले तर १५ दिवसांची नोटीस देऊन करार रद्द करता येतो आणि ठरलेली नुकसानभरपाई कापून बाकी रक्कम ३० दिवसांत परत करायची असते. समजा एखाद्याने ३६ लाख भरलेत, त्याच्या फ्लॅटवर ४५ लाखांचे काम झालंय आणि तो हप्ते थांबवतो. करार रद्द केला की बिल्डरच्या हाती फक्त कापलेली रक्कम आणि फ्लॅट उरतो. ४५ लाखांचे काम केले म्हणून ४५ लाख अधिक नफा द्या, असे त्याला म्हणता येत नाही. कसोटी तिथेच फसते आणि महसूल एका ठरावीक क्षणी घ्यावा लागतो, म्हणजे नियंत्रण ग्राहकाकडे जाते त्या क्षणी. तुमच्या संचालकांचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे.

१ एप्रिल २०१८ ला हे मानक आले तेव्हा अनेक मोठ्या लिस्टेड विकासकांनी आधी टक्केवारीने दाखवलेला नफा राखीव निधीतून उलटवला आणि पुढे ताबा देताना तोच पुन्हा महसुलात घेतला, तो याच कारणाने.

खतावणी
ताईंच्या म्हणण्याला एक पुरवणी. हे सगळ्यांसाठी एकसारखे नाही. इंड एएसवर असूनही टक्केवारीने महसूल घेणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांचा युक्तिवाद असा की ग्राहकाला स्वतःहून करार मोडण्याचा हक्क नाही आणि बिल्डर करार रद्द न करता तो पुरा करून घेण्याचा आग्रह धरू शकतो, म्हणजे मोबदल्याचा हक्क आहे. हा प्रश्न करारातल्या कलमांचा आणि कायद्याच्या अर्थाचा आहे, हिशेबाचा नाही. म्हणून ३० करारनाम्यांपैकी एखादा वेगळ्या मसुद्यावर झालाय का ते आधी पाहा आणि वकिलाचे लेखी मत फाइलला लावा. लिस्टेड कंपनीचे ऑडिटर ते मागतीलच. शिवाय दोन्हींचे एकत्रित ताळेबंद होणार, त्यामुळे त्यांचे आणि तुमचे धोरण जुळायला हवे.

गृहस्वप्न
माफ करा, मी हिशेबातला नाही, फ्लॅट घेणारा आहे. धाग्याचे नाव वाचून विचारतो. बिल्डरला उत्पन्न ताब्याच्या दिवशीच मिळते असे कायदा म्हणत असेल तर तो आमच्याकडून प्रत्येक स्लॅबला पैसे कसे मागतो? मीही सगळे पैसे ताब्यालाच दिले तर चालणार नाही का?

ताळेबंद_ताई
नाही हो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पैसे कधी द्यायचे ते तुमच्या करारनाम्यात ठरलंय आणि ते पाळावेच लागते. महसूल कधी दाखवायचा हा बिल्डरच्या पुस्तकांचा प्रश्न आहे, त्याने तुमचा हप्ता मागेपुढे होत नाही.

रेराने हप्त्यांना वरची मर्यादा मात्र घातली आहे. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते झाले की ४५, सगळे स्लॅब झाले की ७०, आणि पुढे आतले प्लास्टर, प्लंबिंग, बाहेरचे प्लास्टर, लिफ्ट असे करत ९५ पर्यंत जाता येते. शेवटचे ५ टक्के ओसीनंतर ताबा देताना. जोत्याचे काम झालेले नसताना ४५ टक्क्यांपर्यंतची मागणी आली तर साइटवर जाऊन बघायचा आणि आर्किटेक्टचा दाखला मागायचा तुम्हाला हक्क आहे.

रोजकीर्द
धन्यवाद ताई. मग आता नोंदी. आमच्याकडे डिमांड लेटर निघाले की टॅलीत ग्राहक नावे, ॲडव्हान्स जमा असे होते आणि जीएसटी वेगळा जातो. हे ठीक आहे का?

खतावणी
वर्षभर तसे चालू दे. वर्षाअखेरीला मात्र एक काम करावे लागते. जोत्याचा हप्ता घेऊन दाखवतो.

जोत्याच्या टप्प्याला १५ टक्के, म्हणजे १२ लाखांची मागणी निघाली. जीएसटी ५ टक्क्यांनी ६० हजार. ग्राहकाच्या नावे १२ लाख ६० हजार, ॲडव्हान्सला जमा १२ लाख, जीएसटी देण्याला जमा ६० हजार. पैसे येतील तेव्हा ग्राहक १ टक्का टीडीएस कापतो, म्हणजे १२ हजार. बँकेत १२ लाख ४८ हजार येतात. ग्राहकाचे खाते मिटवायला बँक १२ लाख ४८ हजार आणि येणे टीडीएस १२ हजार, दोन्ही नावे टाकायची.

अनेक कचेऱ्यांत नेमके हे १२ हजार राहून जातात. ग्राहकाच्या खात्यावर किरकोळ बाकी दिसत राहते, विक्री विभाग त्यावर व्याजाची पत्रे पाठवतो आणि ग्राहक टीडीएसचे प्रमाणपत्र घेऊन भांडायला येतो. प्रत्येक तिमाहीला २६एएस उतरवून ग्राहकवार जुळवा, म्हणजे हा गोंधळ होत नाही.

आता वर्षाअखेरीचे काम. मागणी केली पण पैसे आले नाहीत, अशा हप्त्याची मूळ रक्कम येणे बाजूला आणि ॲडव्हान्स बाजूला, दोन्हीकडे फुगलेली असते. करार रद्द होऊ शकतो आणि तसे झाले तर ते पैसे मिळणारच नाहीत, म्हणून ती रक्कम दोन्हीकडून वजा करून दाखवावी. तुमच्या पाच फ्लॅटचे प्रत्येकी ४ लाख मागितलेले आहेत पण आलेले नाहीत. ते २० लाख येणे म्हणून दाखवू नका. ॲडव्हान्समध्ये त्या पाचांचे खरोखर आलेले ७६ लाख प्रत्येकी, म्हणजे ३ कोटी ८० लाख राहतील. जीएसटीचा भाग मात्र वेगळा, कारण इन्व्हॉइस काढल्यावर तो सरकारला द्यायचा ठरलाच.

आणि जे ग्राहकाकडून घेता पण तुमचे नाही, ते ॲडव्हान्समध्ये मिसळू नका. जीएसटी, नोंदणीचा खर्च, सोसायटीसाठी घेतलेली दोन वर्षांची देखभाल. हे ८० लाखांत कधीच येत नाही आणि ताब्याच्या दिवशी महसुलातही जात नाही.

पंचवीसटक्के
उपकंपनीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, मान्य. पण चार वर्षांचा खर्च कुठे ठेवायचा? तो आधीच नफा-तोट्यात गेला असेल तर आता महसुलासमोर काहीच उरणार नाही.

खतावणी
जमीन, प्रीमियम, बांधकाम, आणि काम चालू असतानाचे कर्जाचे व्याज साठ्यात, म्हणजे चालू कामात, साठत जाते. ओसी आली की फ्लॅट तयार झाले, त्यानंतरचे व्याज साठ्यात घालू नका. ज्या खर्चाशी महसूल जुळवायचा तो सगळा तिथे थांबलेला असतो.

ब्रोकरेजची वाट निराळी. एखादा विशिष्ट फ्लॅट विकला म्हणूनच ते द्यावे लागले, म्हणून ते मालमत्ता म्हणून धरून त्या फ्लॅटच्या महसुलाबरोबर खर्चात घ्यायचे. २ टक्के दिले असेल तर फ्लॅटमागे १ लाख ६० हजार. जाहिरात, नमुना फ्लॅटची सजावट, विक्री कचेरीचे पगार मात्र ज्या वर्षी झाले त्याच वर्षी खर्च. त्यामुळे अशा कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात तीन-चार वर्षे नुसता तोटा दिसतो आणि मग एका वर्षी मोठा नफा. बँकेचा अधिकारी ते पाहून घाबरतो. त्याला नफा-तोट्यापेक्षा विक्री किती झाली, वसुली किती झाली आणि बांधकाम किती बाकी आहे, याचा तक्ता दाखवा.

एक आगाऊ सूचना, हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी. ज्यांच्या कंपनीत मोठा भागीदार मध्येच येतो, त्यांनी आयकर कायद्याचे कलम ७९ बघा. खासगी कंपनीत ५१ टक्के मतदान हक्क त्याच लोकांकडे राहिला नाही तर मागचा पुढे ओढलेला तोटा वजा करता येत नाही. रोजकीर्दांचा भागीदार पहिल्यापासून आहे, त्यांना हा त्रास नाही.

ताळेबंद_ताई
आता दुसरा प्रश्न, २२ की २५. आधी २२ धरून आकडे मांडते.

महसूल २२ गुणिले ८० लाख, म्हणजे १७ कोटी ६० लाख. क्षेत्र सारखे असल्याने २४ कोटींचा ४० वा भाग, ६० लाख, हा प्रत्येक फ्लॅटचा खर्च. २२ फ्लॅटचा १३ कोटी २० लाख. ढोबळ नफा ४ कोटी ४० लाख. उरलेले १८ फ्लॅट साठ्यात १० कोटी ८० लाखांना.

खतावणी
ताई, एक विचारू? रोजकीर्द, २४ कोटी पूर्ण खर्च झालेत का? ओसी आली तेव्हा बाग, कुंपणाची भिंत, क्लबहाउस यांतले काही बाकी असते.

रोजकीर्द
बरोबर ओळखलंत. कुंपणभिंतीचा मागचा भाग आणि बाग बाकी आहे, अंदाजे ४० लाख. प्रत्यक्ष झालेला खर्च २३ कोटी ६० लाख.

ताळेबंद_ताई
मग माझा साठ्याचा आकडा चुकला, खतावणींनी बरे विचारले. प्रत्यक्ष खर्च फ्लॅटमागे ५९ लाख बसतो. विकलेल्या २२ फ्लॅटवर ५९ लाखांप्रमाणे १२ कोटी ९८ लाख साठ्यातून बाहेर काढायचे आणि उरलेल्या कामाचा त्यांचा वाटा, फ्लॅटमागे १ लाख, म्हणजे २२ लाखांची तरतूद करायची. दोन्ही मिळून खर्च १३ कोटी २० लाखच येतो, नफाही तोच राहतो. पण साठा १८ गुणिले ५९ लाख, म्हणजे १० कोटी ६२ लाख. जो खर्च अजून झालाच नाही तो साठ्यात असू शकत नाही.

ही तरतूद विसरली की पहिल्या वर्षी नफा जास्त दिसतो आणि बाग लावायचा सगळा खर्च साठ्यात उरलेल्या १८ फ्लॅटच्या माथी बसतो. याखेरीज रेराच्या कलम १४ खाली पाच वर्षे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी आहे. गळती आणि भेगा यांचा मागच्या प्रकल्पांचा अनुभव बघून तिचीही तरतूद लागेल, पण तो आकडा मी इथून सांगू शकत नाही.

चावीपंजी
मी साइटवरचा ताबा विभाग सांभाळतो. एक खुलासा हवा. आमच्याकडे ओसी येण्याआधी 'फर्निचरसाठी' म्हणून चाव्या देतात. ग्राहक सुतार लावतो, दोन महिने काम चालते. तो ताबा धरायचा का?

ताळेबंद_ताई
महसुलासाठी नाही. ओसीशिवाय राहायला जाता येत नाही, शेवटचा हप्ता मागता येत नाही आणि ग्राहकाने फ्लॅट स्वीकारला असेही म्हणता येत नाही. त्याला आत काम करू देण्याची ती परवानगी आहे. फर्निचरसाठी चावी जानेवारीत दिली, ओसी फेब्रुवारीत आली, रीतसर ताबा पावती मार्चमध्ये झाली, तर महसूल मार्चचा. वर्ष एकच असल्याने फरक जाणवत नाही. पण ओसी एप्रिलमध्ये गेली तर ते सगळे फ्लॅट पुढच्या वर्षात जातात, भले आत लोकांचे फर्निचर तयार उभे असो. अशा चाव्यांची नोंदवही वेगळी ठेवा, नाहीतर ताबा पावतीच्या यादीत त्या मिसळतात. शिवाय ओसीआधी चाव्या देणेच धोक्याचे आहे. काही अपघात झाला तर जबाबदारी बिल्डरवर येते.

खतावणी
आणि ऑडिटर नुसती ताबा पावती बघून थांबत नाही, हे चावीपंजींनी लक्षात घ्यावे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या पावत्या तो हमखास काढतो. त्या फ्लॅटचे महावितरणचे मीटर ग्राहकाच्या नावे कधी झाले, देखभालीचे पहिले बिल कोणत्या तारखेपासून निघाले, शेवटचा हप्ता बँकेत कधी आला, सुरक्षारक्षकाच्या वहीत चावीची नोंद कधीची, हे ताडून पाहतो. पावतीवर २९ मार्च आणि देखभाल १५ एप्रिलपासून असेल तर तो विचारणारच. रोजकीर्द, २२ पावत्यांना हे पुरावे आत्ताच जोडून ठेवा.

रोजकीर्द
ठेवतो. पण त्या तीन फ्लॅटचे? पूर्ण ८० लाख आले आहेत. ते महसुलात घेतले तर २० कोटी, नाहीतर १७ कोटी ६० लाख. ढोबळ नफ्यात ६० लाखांचा फरक पडतो आणि संचालकांना ते हवे आहेत.

खतावणी
माझ्या मते घ्यावेत. परिच्छेद ३८ मधली नियंत्रण गेल्याची चिन्हे एकेक बघा. पैसे मिळण्याचा हक्क पूर्ण झाला, पैसे आलेही. करारनामा नोंदलेला आहे. नमुना करारनाम्याप्रमाणे लेखी पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने ताबा घ्यायचा असतो, आणि रेराच्या कलम १९ खाली ओसीपासून दोन महिन्यांत. तुमची पत्रे २२ फेब्रुवारीला गेली, म्हणजे १५ दिवस मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात संपले. त्यानंतर देखभाल ग्राहकाने द्यायची, तो आला किंवा न आला. त्याने उद्या फ्लॅट विकला तर फायदा त्याचा. नियंत्रण त्याच्याकडे गेलंय, चावी तुमच्या कपाटात आहे एवढेच.

ताळेबंद_ताई
मी इतक्या सहज होकार देणार नाही. एक, ग्राहकाने फ्लॅट तपासलेला नाही. आत दरवाजा वाकलेला, टाइल फुटलेली निघाली तर तो पावतीवर सही करणार नाही, म्हणजे स्वीकृतीचे चिन्ह रिकामे आहे. दोन, कंपनीचे धोरण काय लिहिलंय? मागच्या वर्षाच्या ताळेबंदाच्या टिपेत 'ताबा दिल्यावर महसूल' असे असेल, तर यंदा नफ्यासाठी 'ताबा देऊ केल्यावर' असे वाचता येणार नाही. पत्राची पोच आहे का, तेही बघायला हवे. तीन जणांत कुणी परदेशी असेल आणि पत्र परत आले असेल तर १५ दिवस सुरूच झाले नाहीत.

खतावणी
पोचेचा मुद्दा मान्य. पण तपासणीचा तितका नाही. टाइल बदलून द्यायची ही दुरुस्ती आहे, त्यासाठी पूर्ण ८० लाखांचा महसूल अडवायची गरज नाही. दुरुस्तीची तरतूद करा आणि पुढे जा.

ताळेबंद_ताई
दुरुस्ती टाइलपुरती असेल तर. गळती निघाली तर? मी तरी आधी तिघांची तपासणी करून घेईन. रोजकीर्द, तुमच्या ऑडिटरांना दोन्ही बाजू लिहून द्या. जे ठरेल ते पुढच्या वर्षी त्या १० फ्लॅटनाही तसेच लावा. २२ धरले तर तिघांचे २ कोटी ४० लाख ॲडव्हान्समध्ये राहतील, म्हणजे पाचांचे मिळून ॲडव्हान्स ६ कोटी २० लाख.

पंचवीसटक्के
एक प्रश्न. ग्राहकाने तीन-चार वर्षे आधी पैसे दिलेत. इंड एएस ११५ मध्ये त्यावर व्याज धरायला सांगितलंय ना?

ताळेबंद_ताई
चांगला प्रश्न काढलात. पैसे आणि फ्लॅट यांत वर्षाहून जास्त अंतर असेल तर त्यात ग्राहकाने कर्ज दिल्यासारखे काही आहे का, हे तपासावे लागते. धरायचे ठरले तर दरवर्षी ॲडव्हान्सवर व्याज चढवायचे, ते चालू कामात घालायचे, आणि ताब्याच्या वेळी महसूल त्या व्याजासह घ्यायचा. समजा एका फ्लॅटवर ८ लाख व्याज चढले, तर महसूल ८८ लाख आणि खर्च ६८ लाख. नफा २० लाखच राहतो, पण दोन्ही आकडे फुगतात.

बरेच विकासक हे करत नाहीत. त्यांचे म्हणणे, हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधलेले आहेत, बिल्डर काम पुरे करेल याची ती हमी आहे, कर्ज नव्हे. जोत्याला जोत्याचे पैसे येतात तिथे मला हे पटते. पण बुकिंगलाच ८० टक्के घेऊन सूट दिली असेल तर ती सूट म्हणजे व्याजच, तिथे हा बचाव टिकत नाही. तुमच्या ३० मध्ये असे कुणी आहे का ते पाहा.

रोजकीर्द
आहेत, दोन. बुकिंगला एकरकमी देणाऱ्यांना सूट दिली होती. ते दोघे ताबा घेतलेल्यांत आहेत. त्यांचे वेगळे काढतो. आता तिसरा प्रश्न, टीडीएस.

खतावणी
आयकर नियम ३७बीए प्रमाणे, ज्या वर्षी ते उत्पन्न करपात्र ठरते त्याच वर्षी टीडीएसचे श्रेय मिळते. म्हणून दरवर्षीच्या विवरणपत्रात २६एएसमधला टीडीएस दाखवून तो पुढे ओढायचा. महसूल शून्य ठेवून टीडीएसचा परतावा मागितला तर लगेच नोटीस येते. २०२४-२५ साठी ताबा दिलेल्या २२ फ्लॅटचा मागच्या वर्षांचा सगळा टीडीएस, म्हणजे फ्लॅटमागे ८० हजार, वापरता येईल. त्यासाठी फ्लॅटवार, वर्षवार तक्ता लागतो. आधीच्या वर्षी पुढे ओढायचा राहिला असेल तर अडचण आहे.

जीएसटीचेही असेच. चार वर्षे जीएसटीच्या विवरणपत्रांत उलाढाल दिसते आणि पुस्तकात नाही. वार्षिक जुळवणीत त्याचे स्पष्टीकरण द्या आणि आकडा ॲडव्हान्सच्या तक्त्याशी जुळवा.

आयकरासाठी ताब्याची पद्धत चालेल का, हा मात्र वेगळा वाद आहे. उत्पन्न मोजण्याच्या आयकर मानकांत बिल्डरसाठी स्वतंत्र मानक नाही, हे सीबीडीटीने २०१७ च्या परिपत्रक १० मध्येच मान्य केलंय. पण त्याच उत्तरात बाकीच्या तरतुदी लागू होतात असेही म्हटलंय. काही अधिकारी टक्केवारीनेच कर मागतात. सातत्याने एकच पद्धत ठेवली असेल तर लढायला आधार आहे. पुस्तकात एक आणि करात दुसरी पद्धत ठेवलीत तर त्या फरकाचा डिफर्ड टॅक्स काढावा लागेल.

गृहस्वप्न
पुन्हा मीच, रागावू नका. माझ्या भावाने २०२१ मध्ये बुक केलेला फ्लॅट मागच्या महिन्यात रद्द केला. बिल्डर मूळ पैसे देतो म्हणतो, पण जीएसटी 'आम्ही सरकारला भरला, मुदत संपली' म्हणून देत नाही. हे बरोबर आहे का?

खतावणी
बिल्डरच्या बाजूने अर्धे बरोबर आहे. त्याला क्रेडिट नोट काढून कर कमी करायची मुदत असते, पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. ती गेली असेल तर तो कर समायोजित करू शकत नाही. पण तुमच्या भावाला स्वतः परतावा मागता येतो. डिसेंबर २०२२ च्या परिपत्रक १८८ मध्ये नोंदणी नसलेल्या ग्राहकासाठी ही वाट दिली आहे. जीएसटी पोर्टलवर पॅनवरून तात्पुरती नोंदणी घ्यायची आणि करार रद्द झाल्याचे पत्र, पैसे भरल्याचे पुरावे आणि बिल्डरचे प्रमाणपत्र जोडायचे, की त्याने हा कर भरलाय, क्रेडिट नोटने तो समायोजित केलेला नाही आणि त्याचा परतावा मागितलेला नाही, मागणारही नाही. ते प्रमाणपत्र बिल्डरकडून लेखी मागा, त्याशिवाय अर्ज अडतो. करार रद्द झाल्याचे पत्र मिळाल्यापासून दोन वर्षांत अर्ज करा.

चावीपंजी
त्या तीन फ्लॅटवाल्यांची तपासणी करायची असेल तर यादीचा आमचा नमुना देऊ शकतो. दरवाजे, टाइल, बाथरूमचा उतार, पाण्याचा दाब, असे खोलीवार रकाने आहेत, खाली ग्राहकाची सही आणि तारीख.

रोजकीर्द
हवाच आहे, पाठवा. एकाच्या पत्राची पोच खरंच मिळालेली नाही, आत्ताच पाहिले. म्हणजे तो तरी मार्चमध्ये येत नाही. उरलेल्या दोघांचे ऑडिटर काय म्हणतात ते इथे लिहीन.